पिटमध्ये काठी घेऊन शिरू नका, पुढच्या बॅरिकेडकडे बघा : सोलापुरातल्या हॉलवाल्यांना आणि बंदोबस्ताला येणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार.

हे पत्र सोलापुरात कार्यक्रमाला हॉल भाड्याने देणाऱ्या मालक-मॅनेजर मंडळींना, गेटवर काळा टीशर्ट घालून उभ्या राहणाऱ्या सिक्युरिटीच्या पोरांना आणि बंदोबस्ताला येणाऱ्या पोलीस दादा-ताईंना आहे. हॉलचं नाव लिहीत नाही, भांडण काढायचं नाहीये, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. मी एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅच बघतो, वय छत्तीस, हेवी मेटल बँडची गाणी ऐकायला लागून वीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी सकाळची हुतात्मा पकडून पुण्याला गिगला जाण्यात आणि रात्री मिळेल त्या गाडीनं पेंगत परत येण्यात गेली. त्यामुळं आपल्याच गावात तीनशे पोरं जमवून असला कार्यक्रम होतोय म्हटल्यावर मी त्या दिवशी कारखान्यातून चारलाच निघालो होतो.

कार्यक्रम चौथ्या गाण्यात बंद पडला.

दुसऱ्या दिवशी डिपॉझिटचं बघायला आयोजक पोरांबरोबर मीही गेलो, म्हटलं केस पांढरे झालेलं कुणीतरी सोबत असलेलं बरं. मॅनेजर साहेबांनी काउंटरखालून एक खोकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. आत तीन बूट, एक चप्पल, एक चष्मा. "ही बघा तुमची मारामारी. बूट काढून हाणलंय एकमेकांना. यापुढं ऑर्केस्ट्रा असेल, गॅदरिंग असेल तर या, हे असलं नको."

पोरं गप्प बसली, मीही बसलो, कारण डिपॉझिट त्यांच्या हातात होतं. पण ते खोकं काही डोक्यातून जाईना. मॅनेजर साहेबांचं एक बरोबर होतं, त्या रात्री हॉलमध्ये धोक्याचं काहीतरी झालं होतं. ते कुठं झालं आणि कशामुळं झालं एवढंच त्यांनी उलटं धरलंय, आणि ते उलटंच राहिलं तर पुढच्या वेळी कुणीतरी खरंच मरेल, म्हणून हे लिहितोय.

आधी पिट म्हणजे काय ते सांगतो, कारण लांबून बघणाऱ्याला ती मारामारीच दिसते, माझ्या आईला पण दिसली होती मोबाईलवर. स्टेजसमोरच्या गर्दीत मध्येच पाच-सहा मीटरचा एक गोल मोकळा होतो, त्यात वीस-पंचवीस जण एकमेकांच्या अंगावर धडका देत उड्या मारतात, कधी सगळे एकाच दिशेनं गोल गोल पळतात, त्याला सर्कल पिट म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याचं लक्ष आतल्या पोरांकडं जातं. तुम्ही एकदा कडेला उभ्या असलेल्यांकडं बघा. कडेला धट्टीकट्टी आणि बहुतेक वेळा वयानं मोठी माणसं तळहात पुढं करून उभी असतात. आतून कुणी धडपडत आलं की त्याला छातीवर झेलायचं आणि परत आत लोटायचं, आणि पाठीमागं जी माणसं नुसतं गाणं ऐकायला उभी आहेत, कुणाच्या हातात कॅमेरा असेल, कुणी चष्मेवाला असेल, त्यांच्यापर्यंत धक्का जाऊ द्यायचा नाही. हल्ली मी तिथंच असतो, गुडघ्यामुळं.

आणि आत कुणी पडलं तर? त्या रात्री दुसऱ्या गाण्यात एक पोरगा पाय घसरून आडवा झाला. माझ्यापासून दोन हातांवर. तो जमिनीला लागतोय न लागतोय तोच दोघांनी हात आडवे पसरून मागून येणाऱ्यांना थोपवलं, तिसऱ्यानं आणि चौथ्यानं काखेत हात घालून त्याला उचललं, "लागलं का बे?" विचारलं, त्यानं अंगठा दाखवला, आणि गोल परत सुरू. सगळं मिळून तीन-चार सेकंद. नंतर एकाच्या बुटाची नाडी सुटली तर तो वाकला आणि चार जण त्याच्याकडं पाठ करून भिंतीसारखे उभे राहिले, त्याची गाठ बसेपर्यंत. कुणाचा चष्मा पडला की ज्याला सापडेल तो डोक्यावर उंच धरून उभा राहतो, ज्याचा असेल तो येऊन घेतो. हे कुणी शिकवत नाही, क्लास नसतो, पहिल्यांदा पडल्यावर तुम्हाला कुणीतरी उचलतं आणि पुढच्या वेळी तुमचे हात आपोआप खाली जातात.

गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची मिरवणूक बघितलेल्या माणसाला हे सांगायची खरं तर गरज नाही. काठी पेलणाऱ्याच्या भोवतीची माणसं त्याला जागा ठेवून चालतात, आणि त्याचा तोल जरा हलला की हात द्यायला तयार असतात. लांबून बघणाऱ्याला नुसती ढकलाढकली दिसते. पोलीस दादा, तुम्ही दरवर्षी ती गर्दी सांभाळता, तुम्हाला गर्दी वाचता येते, म्हणून तर तुमच्याशी बोलतोय.

आता चौथं गाणं. गोल जोरात होता, कडेला आम्ही होतो, कुणाला काही लागलं नव्हतं. सिक्युरिटीच्या एका पोराला वाटलं भांडण जुंपलं, त्यानं शिट्टी मारली, आणि तिघं जण काठ्या घेऊन मागच्या बाजूनं गोलात घुसले. दोघांना कॉलरला धरून ओढलं, एकाच्या पोटरीवर काठी बसली. बाकीच्यांनी कुठं जायचं? मागून काठी येतेय, म्हणजे पुढं. गोल फुटला आणि आतले, कडेचे, आजूबाजूचे सगळे स्टेजकडं पळाले. पुढच्या तीन-चार रांगांना मागं काय झालंय याचा पत्ताच नव्हता, ते बॅरिकेडला टेकून गाणं ऐकत होते.

घरी आल्यावर मी मित्राच्या मोबाईलवरचा व्हिडिओ थांबवून थांबवून डोकी मोजली, बाल्कनीतून काढलेला होता म्हणून जमलं. हॉलची रुंदी बारा मीटर. बॅरिकेडपासून मागं तीन मीटरचा पट्टा धरला तर छत्तीस चौरस मीटर जागा होते. काठ्या आत यायच्या आधी त्या पट्ट्यात अंदाजे १८० माणसं होती, म्हणजे चौरस मीटरला पाच. हे दाटच आहे, पण अजून हात वर करता येतो, वळता येतं. शिट्टीनंतरच्या फ्रेममध्ये त्याच पट्ट्यात २४०च्या आसपास. साठ माणसं वाढली आणि आकडा जवळपास सातवर गेला. मागं हॉल निम्मा रिकामा! एकूण माणसं तेवढीच, जागा तेवढीच, तिकिटं पण जास्त विकली नव्हती, नुसती माणसं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेली.

पाच आणि सात ऐकायला जवळ वाटतात. पण जॉन फ्रुइन नावाचे एक अमेरिकन इंजिनिअर होते, पायी चालणाऱ्या माणसांच्या गर्दीवर त्यांचं मोठं काम आहे, त्यांनी लिहून ठेवलंय की चौरस मीटरला सातच्या आसपास गेलं की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते. म्हणजे त्यात माणूस स्वतःच्या पायानं हलत नाही, लाट येते आणि त्याला घेऊन जाते, तीन-तीन मीटर सुद्धा, कधी पाय जमिनीवरून उचलले जातात. कोण ढकलतंय असं विचारण्यात अर्थ नसतो, कुणीच ढकलत नसतं, प्रत्येक जण फक्त पडू नये म्हणून समोरच्यावर रेलतो आणि ते सगळं रेलणं गोळा होत होत पहिल्या रांगेच्या छातीवर येऊन बसतं.

आणि पिटचं? कॉर्नेल विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या चार जणांनी २०१३ साली मेटल गिगचे व्हिडिओ घेऊन पिटमधल्या माणसांचे वेग मोजले होते (खोटं नाही सांगत, चांगल्या नावाजलेल्या जर्नलमध्ये छापून आलंय). त्यांना दिसलं की पिटमधली माणसं वायूच्या कणांसारखी फिरतात. एकमेकांवर आपटतात, सुटतात, परत आपटतात, कारण मध्ये मोकळी जागा असते. हे वाचलं तेव्हा मला माझं सगळं आयुष्य समजलं असं वाटलं. पिट म्हणजे हवा, आणि पुढचा चेंगरलेला पट्टा म्हणजे पाणी. हवेत धक्का बसतो, खरचटतं, फार तर दात हलतो, मनगट मोडतं. बुडतो माणूस पाण्यात. त्या रात्री तुमच्या माणसांनी हवा फोडली आणि सगळ्यांना पाण्यात ढकललं.

गर्दीत मेलेला माणूस तुडवला जाऊन मेला असं आपण म्हणतो. पुष्कळदा तसं नसतं. तो उभ्या उभ्या जातो. श्वास घ्यायला छाती फुगावी लागते, आणि पुढून मागून दाब असेल तर श्वास बाहेर जातो पण आत येत नाही. ओरडायला पण हवा लागते, म्हणून ओरडत नाही. २००० साली ३० जूनला डेन्मार्कमध्ये रॉस्किल्डला पर्ल जॅम या बँडच्या कार्यक्रमात स्टेजसमोर नऊ जण असेच गेले. गायकानं गाणं थांबवून सगळ्यांना तीन पावलं मागं व्हायला सांगितलं होतं, लोक झाले पण मागं, तोवर उशीर झाला होता. २०२१च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ह्यूस्टनला दहा. आणि हे परदेशातलं म्हणून सोडून द्यायचं असेल तर २०२३ साली २५ नोव्हेंबरला कोचीच्या विद्यापीठात चार, तिथं तर गाणं सुरू पण झालं नव्हतं, पाऊस आला म्हणून बाहेरची माणसं आत शिरायला गेली आणि उतरत्या पायऱ्यांवर पडली. यातल्या एकाही ठिकाणी माणसं पिटमुळं मेली नाहीत, जागा संपल्यामुळं मेली.

आपल्याकडं त्या रात्री पहिल्या रांगेत एक कॉलेजची मुलगी होती, बॅरिकेडचा वरचा दांडा तिच्या बरगड्यांवर. तिच्या मागच्या पोरानं दोन्ही हात तिच्या दोन बाजूंनी बॅरिकेडवर टेकवून कोपरं ताठ केली आणि पाठीवर सगळा लोंढा घेतला, का तर तिच्या छातीपुढं वीतभर जागा राहावी. तो तिला ओळखत नव्हता. नंतर बघितलं तर त्याच्या दोन्ही तळव्यांना लोखंडी पाइपाचे वळ होते, निळे. ड्रमवाल्याला वरून हे दिसलं आणि त्यानं वाजवायचं थांबवलं. गिटारवाले दोन-तीन सेकंद वाजवतच राहिले. मग गाणाऱ्यानं माइकवर सांगितलं, आणि नशीब की बरोबर सांगितलं, "सगळ्यात मागचे, दाराजवळचे, तुम्ही पहिले मागं व्हा. आता त्यांच्या पुढचे."

हा क्रम लक्षात ठेवा, कारण इथंच सगळे चुकतात. "पुढचे मागं सरका" म्हणून काही होत नाही, पुढच्याला मागं सरकायला जागाच नसते, तो ऐकतो आणि रडतो. गाठ मागून सोडवावी लागते. मागच्याला पुढचं काही दिसत नाही, पुढच्याचं ओरडणं मागं पोचत नाही, संपूर्ण हॉलमध्ये दोन्हीकडचं दिसणारी आणि सगळ्यांना ऐकू जाणारी जागा एकच, स्टेज. म्हणून तुमच्यातला एक माणूस स्टेजच्या कडेला उभा पाहिजे, त्याचं काम गाणं ऐकायचं नाही, पहिल्या चार रांगांचे चेहरे बघायचं. आणि बँडशी त्याची आधी ओळख करून दिलेली पाहिजे, की हा दोन हात डोक्यावर आडवे धरून फुली दाखवेल तेव्हा ड्रम बंद, हॉलचे लाइट चालू, आणि एकच माणूस बोलणार. तिघांनी तीन माइकवरून तीन गोष्टी सांगितल्या तर झालंच मग.

चेहऱ्यांवर काय बघायचं तेही सांगतो. गंमत म्हणजे पुढची माणसं उड्या मारत असतील, हात वर असतील तोवर काळजी नाही. उड्या थांबल्या की बघा. हात दिसेनासे झाले, म्हणजे खाली अडकले. माना मागं टाकून, तोंडं वर करून माणसं हवा शोधायला लागली. आणि शेवटची खूण, सगळी डोकी एकदमच एका बाजूला झुकतात आणि परत येतात, मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानात वारं शिरल्यावर कणसं डुलतात ना तशी. बाल्कनीतून ते छान दिसतं, लोक त्याचे व्हिडिओ काढतात. ते दिसलं की त्याच क्षणी थांबवायचं, गाणं संपायची वाट बघायची नाही.

पोरांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर, अशा लाटेत सापडलात तर हात खाली सोडू नका, बॉक्सिंगला धरतात तसे छातीसमोर धरा, तेवढीच बरगड्यांना जागा मिळते. लाटेच्या उलट ढकलू नका, ताकद फुकट जाते. लाट ओसरताना क्षणभर ढिल पडते, तेव्हा तिरकं तिरकं कडेला सरका. मोबाईल पडला तर गेला, वाकू नका. आणि शेजारचा बेशुद्ध वाटला तर त्याला वर उचलून डोक्यांवरून पुढं द्या, मागं नाही. पुढं त्याला घ्यायला कुणीतरी असतं.

असायला पाहिजे. आपल्याकडं नव्हतं, आणि हा मुद्दा मालक लोकांसाठी. बॅरिकेड स्टेजपासून जेमतेम एका फुटावर लावलं होतं. मध्ये माणूस उभाच राहू शकत नव्हता, मग ओढून काढणार कोण आणि कुठून? त्या मुलीला शेवटी बेस गिटारवाल्यानं पालथं पडून वरून काखेत धरून खेचलं. बॅरिकेड आणि स्टेजच्या मध्ये निदान मीटरभर मोकळी पट्टी पाहिजे, दोन-तीन माणसं तिथं, तोंड पब्लिककडं, पाठ बँडकडं, सोबत पाण्याचे ग्लास, आणि पट्टीतून बाहेर जायला दोन्ही टोकांना वाट. बाजूचा दरवाजा होता आपल्याकडं, पण फुकटे शिरतील म्हणून कुलूप. किल्ली मॅनेजर साहेबांकडं, मॅनेजर साहेब गेटवर. फुकटे शिरू नयेत तर दाराशी माणूस उभा करा, पण कुलूप लावू नका.

आणि बॅरिकेड कुठलं? चौकात नाकाबंदीला लावतात तसलं, दोन पायांचं. ते गाड्या थांबवायला आहे. त्याला छातीच्या उंचीवर शंभर माणसांचा रेटा बसला की ते उलथतं आणि पहिली रांग त्याच्यावर पडते, दुसरी पहिलीवर. गिगचं बॅरिकेड वेगळं असतं, बाजूनं बघितलं तर त्रिकोणी, आणि पब्लिकच्या बाजूला खाली एक सपाट पत्रा, पुढची माणसं त्या पत्र्यावरच उभी राहतात, म्हणजे त्यांच्याच वजनानं ते जागेवर बसतं, जितके जास्त तितकं घट्ट. साधी युक्ती आहे. पुढचं बॅरिकेड टिकलं नाही तर काय होतं ते २०११ साली गुडगावला बघितलंय, मेटालिकाचा शो, कार्यक्रम रद्द, मग चिडलेल्या पब्लिकनं स्टेजची मोडतोड. दोन दिवसांनी बेंगळुरूला तोच बँड व्यवस्थित वाजवून गेला, माझे दोन मित्र गेले होते, अजून तेच सांगतात.

तसलं बॅरिकेड सोलापुरात भाड्यानं मिळत नसेल तर तीनशे माणसांच्या कार्यक्रमाला माझ्या मते न लावलेलं बरं. स्टेज कमरेएवढं असेल तर दाब वाढल्यावर पुढचा माणूस स्टेजवर चढून सुटू शकतो. साउंडवाल्याला हे आवडणार नाही, वायरी असतात, मॉनिटर असतात, चार शिव्या देईल. देऊ दे.

आता आमचं. आमची पोरं धुतल्या तांदळासारखी आहेत असं म्हणायला मी बसलेलो नाही. पिटमध्ये प्रत्येक वेळी एखादा असा निघतोच जो धडक द्यायला आलेला नसतो, मारायला आलेला असतो, कोपरं वर, मुठी आवळलेल्या, नजर नेमकी बारक्या पोरावर. त्याहून घाण म्हणजे धक्क्याच्या आडून मुलींच्या अंगाला हात लावणारा. याला आमच्यात एकच कायदा आहे, गोल थांबतो, आजूबाजूचे त्याला घेरतात आणि न मारता दारापर्यंत नेतात. न मारता हे मी मुद्दाम लिहितोय, कारण हाणायची फार इच्छा होते. तिथं आम्हाला तुम्ही हवे असता. त्या मुलीचं ऐकून घेणारी सिक्युरिटीत एखादी ताई पाहिजे, आणि पोलीस दादांनी त्याला बाहेर काढून "जाऊ दे, गर्दीत लागला असेल" म्हणून दुसऱ्या दारानं परत आत सोडू नये. हातात कडं, काट्यांचे पट्टे, पाठीवर सॅक हे गेटवरच काढून घ्या, आमचा कुणाचा विरोध नाही. उलट आम्हीच सांगतोय. कडं कपाळाला लागलं की टाके पडतात. ज्याला आत यायचं नाही त्याला हाताला धरून आत ओढणारे पण असतात, दोस्तीत, आणि ते चूक आहे. मी पण केलंय हे, विशीत, एकाचा खांदा निखळला होता.

आणि वॉल ऑफ डेथ म्हणजे पब्लिक दोन भागांत फाकवून मध्ये धावत येऊन आदळायचं, ते बारा मीटर रुंदीच्या हॉलमध्ये करू नका रे बाबांनो. मैदानावर ठीक. हॉलमध्ये फाकवलेल्या पब्लिकला भिंतीशिवाय जायला कुठं जागा नाही, म्हणजे दोन्हीकडं परत तेच सात. हे बँडवाल्यांना सांगतोय, कारण माइकवरून तेच सांगतात करायला, पब्लिक नुसतं ऐकतं.

सिक्युरिटीच्या पोरांना एवढंच, पिट बघून पोटात गोळा आला तर आत शिरू नका, कडेला या. कडेला जे दादा हात पुढं करून उभे असतील त्यांच्या खांद्यावर हात ठेवा आणि विचारा, सगळं ठीक का. ठीक नसेल तर तेच तुम्हाला बोट दाखवून सांगतील की तो लाल टीशर्टवाला बाहेर काढा. मग तुम्ही एकाला काढाल, साठांना पुढं पळवणार नाही. आणि कुणाला बाहेर आणलंत तर गेटवर खुर्चीत बसवून देऊ नका, आडवं करा, श्वास चालू आहे का बघा, नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. त्या मुलीला बाहेर आणल्यावर दहा जण भोवती गोळा होऊन वारा घालत होते. म्हणजे वारा अडवत होते. ती ठीक आहे, आठवडाभर हसताना बरगड्या दुखत होत्या म्हणे.

पोरं फेब्रुवारीत परत एक कार्यक्रम धरायचं म्हणतायत, याच हॉलला विचारणार आहेत. मॅनेजर साहेब, हो-नाही नंतर सांगा. मी शनिवारी कारखाना सुटल्यावर सहानंतर येतो, टेप घेऊन, बॅरिकेड कुठं बसतं, पट्टी किती राहते, बाजूच्या दाराशी कोण उभं राहील ते जागेवर बघू. मुख्य म्हणजे किती माणसं घ्यायची ते जमिनीच्या मापावरून ठरवू, खुर्च्यांच्या परवानगीवरून नको, खुर्च्या तर आपण काढूनच टाकतो.

आणि ते खोकं अजून काउंटरखाली असेल तर तेवढं एकदा बाहेर काढा. त्यातला डावा काळा बूट त्या बॅरिकेडला हात टेकवून उभ्या राहिलेल्या पोराचा आहे, तो एका बुटावर रिक्षानं घरी गेला होता. मारायला बूट काढणारा माणूस आधी नाडी सोडतो. त्या दिवशी टेबलावर मी नीट बघितलं होतं, बोललो नाही तेव्हा. तीनही बुटांच्या नाड्या बांधलेल्याच आहेत, त्या काळ्याला तर दुहेरी गाठ आहे.